विषय: डीलर क्रमवारी का बदलली – जानेवारी ते मार्च (दुबार नोंदी काढल्यानंतर)

प्रति: देसाई सर
प्रत: रेणुका अक्का (ऑर्डर विभाग), अकाउंट्स
दिनांक: 16 एप्रिल

नमस्कार सर,

काल संध्याकाळी फोनवर तुम्ही विचारलंत की खानापूर पहिल्यावरून एकदम सहाव्यावर कसं गेलं आणि निपाणी नवव्यावरून पहिल्यावर कशी आली. फोनवर मला ते नीट सांगता आलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. 4 एप्रिलला पाठवलेली यादी कृपया आता वापरू नका. ती पाठवण्याआधी मी ऑर्डरच्या नोंदी गेटपासशी जुळवून पाहायला हव्या होत्या, त्या पाहिल्या नाहीत. ती चूक माझी आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटेल. खानापूरच्या डीलरने काहीही गैर केलेलं नाही. त्यांचा एकही रुपया बुडालेला नाही, त्यांना जास्तीचं बिलही गेलेलं नाही. टॅलीतला त्यांचा हिशेब पहिल्यापासून बरोबर आहे. चूक फक्त आपल्या ऑर्डरच्या तक्त्यात होती, आणि क्रमवारी त्या तक्त्यावरून निघते.

दोन वेगवेगळ्या प्रकारची दुबार नोंद सापडली. दोन्हींचा परिणाम एकमेकांच्या उलट होतो, म्हणून यादी इतकी हललेली दिसते.

पहिला प्रकार: एकच ऑर्डर दोनदा चढलेली. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फिरताना परशराम अण्णांच्या मोबाईलला रेंज नसते. ते ऑर्डर ॲपमध्ये भरतात, ती फोनमध्येच अडकून राहते. माल अडू नये म्हणून ते ऑर्डर बुकातलं पानही ऑफिसला देतात, आणि रेणुका अक्का ते पान बघून नोंद करतात. पुढे अण्णा खानापुरात किंवा बेळगावात आले की रेंज मिळते आणि ॲपमधली अडकलेली ऑर्डरही वर चढते. दोघांनीही आपापलं काम चोख केलं, पण तक्त्यात ओळी दोन झाल्या.

उदाहरण देते. 12 फेब्रुवारीची खानापूरची ऑर्डर: 5 एचपीचे 3 मोनोब्लॉक पंप आणि 6 फुटव्हॉल्व, रक्कम 61,800 रुपये. ॲपमधून तिची तारीख 12 फेब्रुवारी आली, अक्कांनी कागदावरून भरलेल्या नोंदीवर 14 फेब्रुवारी. तारखा वेगळ्या, ऑर्डर नंबर वेगळे, म्हणून एक्सेलला या दोन स्वतंत्र ऑर्डरी वाटतात. पण गेटपास एकच आहे आणि गाडी उद्यमबागेतून एकदाच बाहेर पडली. अशा 23 ओळी एकट्या खानापूरच्या नावावर होत्या, एकूण 4 लाख 85 हजारांच्या. त्या काढल्यावर 18.40 लाखांचे 13.55 लाख झाले. टॅलीत त्यांच्या नावावर याच तीन महिन्यांची विक्री तंतोतंत 13.55 लाख आहे, हे अकाउंट्सकडून मी काल खात्री करून घेतलं.

सर, इथे मी घाई केलेली नाही, हेही सांगायला हवं. डीलर तोच, माल तोच, रक्कम तीच आणि तारखेत दोन दिवसांच्या आतलं अंतर, अशा एकूण 188 जोड्या निघाल्या. त्या सरसकट काढून टाकल्या असत्या तर दुसरी चूक झाली असती. गोकाकच्या डीलरने 5 मार्चला सकाळी आणि दुपारी अगदी सारखी ऑर्डर दिली होती. गेटपास दोन आहेत, माल दोनदा गेला आहे. ती खरी विक्री आहे. म्हणून 188 पैकी प्रत्येक जोडी गेटपासशी लावून पाहिली. 36 खऱ्या निघाल्या, त्या तशाच ठेवल्या. 152 काढल्या. काढलेल्या ओळी पुसलेल्या नाहीत, वेगळ्या शीटवर कारणासकट ठेवल्या आहेत. कुणालाही शंका आली तर ओळ आणि गेटपास दोन्ही दाखवता येतील.

दुसरा प्रकार: एकच डीलर दोन-तीन कोडांवर विखुरलेला. आपल्या भागात हे व्हायचंच होतं. जुन्या खात्यांवर गाव `Belgaum` असं आहे. 2014 च्या नोव्हेंबरात सरकारी नाव बदललं, तेव्हापासूनची खाती `Belagavi` नावाने उघडली गेली, आणि कुणीतरी घाईत नुसतं `BGM` टाकलं. निपाणी कुठे `Nipani` आहे तर कुठे `Nippani`. दुकानाचं नाव एकाने इंग्रजीत भरलं, दुसऱ्याने पाटीवर बघून कन्नडमध्ये. मशीनला ही सगळी वेगवेगळी माणसं वाटतात.

निपाणीच्या डीलरचे असे तीन कोड होते, 9.80, 5.15 आणि 2.30 लाखांचे. त्यातला फक्त पहिला वरच्या दहात दिसत होता, बाकी दोन खाली कुठेतरी दबलेले. तिन्हींचा जीएसटी नंबर एकच, मालक एकच, गोडाऊनही एकच. बेरीज 17.25 लाख. त्यांची विक्री नव्याने वाढलेली नाही. पहिल्यापासून तेवढीच होती, आपल्याला दिसत नव्हती इतकंच. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने मला विचारलं होतं, "एवढा माल उचलतो तरी आमचं नाव कधी वर येत नाही." मी तेव्हा यादी बघून सांगितलं होतं की तुम्ही नववे आहात. ते मला आता फार लागलं.

एकूण 18 डीलर 39 कोडांवर पसरले होते. त्यातले 14 जीएसटी नंबरवरून सापडले. बाकी चौघांची जीएसटी नोंदणी नाही. ते मोबाईल नंबर आणि पिनकोडवरून काढले आणि चौघांनाही फोन करून विचारून घेतलं. नुसतं नाव सारखं दिसतंय म्हणून एकही खातं जोडलेलं नाही. आपल्याकडे एकाच आडनावाची, एकाच देवाच्या नावाची दुकानं प्रत्येक तालुक्यात आहेत. नावावर विसंबलो असतो तर भलतेच लोक एकत्र झाले असते.

वरचे दहा आता असे आहेत (विक्री लाखांत):

| आधी | विक्री | आता | विक्री |
|---|---|---|---|
| 1 खानापूर | 18.40 | 1 निपाणी | 17.25 |
| 2 गोकाक | 17.10 | 2 गोकाक | 17.10 |
| 3 चिकोडी | 16.25 | 3 चिकोडी | 16.25 |
| 4 हुक्केरी | 14.70 | 4 हुक्केरी | 14.70 |
| 5 अथणी | 13.90 | 5 अथणी | 13.90 |
| 6 संकेश्वर | 12.80 | 6 खानापूर | 13.55 |
| 7 बैलहोंगल | 11.60 | 7 संकेश्वर | 12.80 |
| 8 रायबाग | 10.40 | 8 बैलहोंगल | 11.60 |
| 9 निपाणी | 9.80 | 9 रायबाग | 10.40 |
| 10 येळ्ळूर | 9.35 | 10 बेळगाव शहर | 10.25 |

येळ्ळूरचा फोन तुम्हाला नक्की येणार. त्यांच्या आकड्यात एका पैशाचाही फरक नाही, तरी ते दहाच्या बाहेर गेले, कारण बेळगाव शहरातल्या डीलरचे 6.20 आणि 4.05 लाखांचे दोन कोड एकत्र आले आणि ते पुढे सरकले. संकेश्वर, बैलहोंगल, रायबाग यांचंही तसंच: विक्री तीच, जागा एकेक खाली. "तुमची विक्री कमी झालेली नाही" हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. नाहीतर आपण त्यांचे आकडे कापले असं त्यांना वाटेल.

एकूण बेरजेबद्दलही तुम्ही विचारलं होतं. ऑर्डरच्या ओळी 4,386 होत्या, आता 4,234 आहेत. एकूण विक्री 6 कोटी 42 लाखांवरून 6 कोटी 20 लाख 40 हजारांवर आली. हा 21 लाख 60 हजारांचा फरक पूर्णपणे पहिल्या प्रकारचा, म्हणजे दुबार ऑर्डरींचा आहे. कोड एकत्र केल्याने एकूण विक्री हलत नाही. पण त्याने डीलरची संख्या 214 वरून 193 झाली, त्यामुळे दर डीलरमागची सरासरी 3 लाखांवरून 3 लाख 21 हजार झाली. एकूण घटली आणि सरासरी वाढली, हे मीटिंगमध्ये कुणालाही खटकेल. भागणारी संख्या कमी झाली म्हणून सरासरी वाढली. "डीलरमागे विक्री वाढली" असं कृपया कुठेही लिहू नये.

आता ज्यावर निर्णय तुमचा आहे ते. शिनोळी आणि हिंडलगा इथली दोन दुकानं एकाच मालकाची आहेत. पण शिनोळी महाराष्ट्रात, हिंडलगा कर्नाटकात. त्यामुळे जीएसटी नंबर दोन आहेत, एक 27 ने सुरू होणारा, एक 29 ने. मधली दहा अक्षरं, म्हणजे पॅन, दोन्हीकडे एकच. मी त्यांना दुबार धरलेलं नाही, कारण नोंदणी खरोखरच वेगळी आहे, माल वेगळा जातो, करही वेगळा लागतो. पण योजनेचं बक्षीस दुकानाला आहे की मालकाला, हे आपल्या पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. मालकाला असेल तर 5.60 आणि 4.90 मिळून त्यांचे 10.50 लाख होतात, ते नवव्या क्रमांकावर येतात आणि बेळगाव शहर दहाच्या बाहेर जातं. माझं मत दुकानाला धरावं असं आहे. गावातली पाटी, सेल्समन, उधारी सगळं दुकानाप्रमाणेच चालतं. जे ठरेल ते पत्रकात लिहून टाकू, म्हणजे पुढच्या वेळी वाद होणार नाही.

दुसरं, निपाणी आणि गोकाकमधलं अंतर फक्त 15 हजारांचं आहे. एका ऑर्डरीने पहिला नंबर बदलू शकतो. म्हणून या दोघांचा प्रत्येक गेटपास मी आणि अकाउंट्सने मिळून दुसऱ्यांदा तपासला. आकडे बरोबर आहेत. तरीही जाहीर करण्याआधी तुम्ही स्वतः एकदा नजर टाकलीत तर मला बरं वाटेल.

ऑक्टोबर ते डिसेंबरची यादीही याच तक्त्यातून निघालेली आहे, म्हणजे तिच्यातही हीच भेसळ असणार. ती साफ होईपर्यंत नव्या यादीची जुन्या तिमाहीशी तुलना करू नये. केली तर खानापूर फार घसरलेलं दिसेल आणि ते खरं नसेल. त्या तिमाहीचे गेटपास जुळवायला मला तीन दिवस लागतील, सोमवारपासून बसते.

पुढे असं होऊ नये म्हणून रेणुका अक्कांशी बोलले. कागदावरून नोंद करताना ऑर्डर बुकाचा पान नंबर भरायचा, आणि अण्णांनीही ॲपमध्ये तोच नंबर टाकायचा. म्हणजे दोन ओळी एकाच नंबरवर आल्या की लगेच दिसतील. अण्णा म्हणाले, "एवढंच ना, टाकतो की." नवीन डीलर कोड उघडताना जीएसटी नंबर आधीच नोंदलेला आहे का, हे पाहण्याचा नियमही लावता येईल. तुमची हरकत नसेल तर आयटीला सांगते.

आणि एक विनंती. खानापूरला तुम्ही स्वतः फोन करून पहिल्या नंबरचं अभिनंदन केलं होतं. नवी यादी सेल्समनच्या ग्रुपवर जाण्याआधी त्यांना तुमचाच फोन गेला पाहिजे. बाहेरून कळलं तर त्या माणसाला फार वाईट वाटेल, आणि त्यांचा यात काही दोष नाही. तुम्ही म्हणालात तर मी गेटपासचे कागद घेऊन अण्णांबरोबर खानापूरला जाऊन येते आणि समोर बसून समजावते.

शिनोळी-हिंडलग्याचा निर्णय 18 तारखेपर्यंत कळवलात तर अंतिम यादी त्याच दिवशी देते. सोबत नवी क्रमवारी, काढलेल्या 152 ओळींची शीट आणि जोडलेल्या 39 कोडांची यादी जोडली आहे.

आपली,
स्नेहा
विक्री विश्लेषण, उद्यमबाग, बेळगाव