वार्षिक सर्वसाधारण सभेची सुधारित सूचना (आर्थिक वर्ष 2024-25)

ठाणे, दि. 9 सप्टेंबर 2025

प्रति,
संस्थेचे सर्व सभासद

आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. 28 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी 10 वाजता संस्थेच्या सभागृहात होईल. दि. 2 सप्टेंबरची सूचना रद्द समजावी. त्या सूचनेत तहकूब सभेची वेळ दिलेली नव्हती. अशा स्थितीत गणपूर्ती झाली नाही, तर सभा किमान 7 दिवस पुढे ढकलावी लागते, म्हणजे थेट 5 ऑक्टोबर. वार्षिक सभा मात्र कायद्याने 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. म्हणून ही सूचना नव्याने काढली आहे. सूचनेचा आणि सभेचा दिवस वगळून 18 पूर्ण दिवस मिळतात. उपविधींप्रमाणे 14 लागतात.

गणपूर्ती

एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा 20, यांतील कमी असेल ती संख्या. संस्थेत 64 सदनिका, पण 61 सभासद आहेत (तिघांच्या प्रत्येकी दोन सदनिका आहेत). 61 चे दोन-तृतीयांश म्हणजे 41, म्हणून गणपूर्ती 20. मोजणी हजेरीपटावर सही केलेल्या सभासदांची होईल, तेव्हा आत आल्याबरोबर सही करावी. भाडेकरू आणि सभासदासोबत आलेले नातेवाईक या मोजणीत धरले जात नाहीत.

साडेदहापर्यंत 20 सभासद हजर नसतील, तर सभा तहकूब होऊन त्याच दिवशी, त्याच जागी सकाळी 11 वाजता भरेल. या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. हजर असतील तेवढे सभासद खालील विषयांवर निर्णय घेतील आणि तो सर्वांना बंधनकारक राहील. अकराला येऊ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: दहाची सभा वेळेवर सुरू झाली, तर त्यांच्या येण्याआधी मतदान झालेले असू शकते.

मतदानाचा हक्क

एका सभासदाला एकच मत, सदनिका दोन असल्या तरी. संयुक्त नावे असल्यास भाग दाखल्यावर ज्यांचे नाव पहिले, ते मत देतील. ते नसल्यास दुसऱ्या नावाचे. सहयोगी सभासदाला मत द्यायचे असेल, तर मूळ सभासदाची लेखी संमती सभा सुरू होण्यापूर्वी सचिवांकडे द्यावी. तोंडी निरोप किंवा मोबाईलवरचा संदेश चालणार नाही. मुखत्यारपत्र, अधिकारपत्र किंवा प्रॉक्सीवर कोणालाही सभासदाच्या वतीने सभेत बसता येत नाही. परगावी असलेल्या सभासदांनी मुलाला किंवा भावाला पत्र देऊन पाठवू नये, त्यांना परत पाठवावे लागेल.

मतदान हात वर करून होईल. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडे इतिवृत्तात लिहिले जातील. निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने. समान मते पडल्यास अध्यक्षांचे निर्णायक मत. विषय 7 ला वेगळे बहुमत लागते.

सभेपुढील विषय

1. मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त कायम करणे.
2. व्यवस्थापक समितीचा वार्षिक अहवाल स्वीकारणे.
3. 2024-25 चे लेखापरीक्षित जमा-खर्च पत्रक व ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल मंजूर करणे.
4. 2025-26 साठी शासनाच्या नामतालिकेतील लेखापरीक्षक नेमणे. सध्याच्या लेखापरीक्षकांची सलग तीन वर्षे पूर्ण झाली असल्याने त्यांना पुन्हा नेमता येत नाही.
5. 2025-26 चे अंदाजपत्रक मंजूर करणे.
6. गच्चीचे वॉटरप्रूफिंग: अंदाजे खर्च 4,80,000 रुपये, दुरुस्ती निधीतून. आपल्या सभासदसंख्येला समितीची स्वतःच्या अधिकारातील खर्चमर्यादा 1,00,000 रुपये असल्याने सभेची मंजुरी हवी. तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता सोबत आहे. मतदान दोनदा होईल: आधी काम करायचे की नाही, मग कोणाला द्यायचे.
7. वाहनतळ वाटपाच्या उपविधीत दुरुस्ती. जुना व नवा मजकूर सोबत जोडला आहे. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश मते बाजूने लागतात: 24 जणांनी मत दिले तर 16. तटस्थ मोजले जात नाहीत. निबंधकांच्या मंजुरीनंतरच दुरुस्ती लागू होईल, तोवर सध्याचे वाटप कायम.
8. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. यात फक्त चर्चा होईल. ज्या विषयांना पूर्वसूचना लागते, त्यांवर इथे ठराव होणार नाही. खर्च किंवा शुल्कवाढीचे ठरावही समिती इथे घेणार नाही.

हिशेबाबद्दल प्रश्न असल्यास 22 सप्टेंबरपर्यंत लेखी द्यावेत, म्हणजे व्हाउचर काढून सभेत उत्तर देता येईल. सभेत आयत्या वेळी विचारलेल्या आकड्याचे उत्तर बहुधा ‘पाहून सांगतो’ असेच मिळते. हिशेबाची पुस्तके 15 ते 26 सप्टेंबर या काळात रविवार सोडून रोज सायंकाळी 7 ते 9 संस्थेच्या कार्यालयात पाहता येतील.

व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून,
सचिव

सोबत: वार्षिक अहवाल, हिशेबपत्रके, दरपत्रकांचा तक्ता, उपविधी दुरुस्तीचा मजकूर
प्रत: सूचना फलक