शिल्लक एक

महिन्याची 31 तारीख म्हणजे शिरोळ तालुक्यातील त्या कृष्णाकाठच्या ग्रामपंचायतीत पांडुरंग लिपिकाच्या टेबलावर दाखल्यांच्या अर्जांचा ढीग, आणि संध्याकाळपर्यंत पंचायत समितीकडे जाणाऱ्या मासिक अहवालात ‘प्रलंबित’ या रकान्यात शून्य लिहिण्याची घाई. जुलै संपत आला होता, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता आणि नदीचे पाणी कुठवर आले, हे सांगायला दर तासाला कोणी ना कोणी दारात डोकावून जात होते.

सोपे अर्ज त्याने दुपारपर्यंत उरकले. नमुना 8 चे उतारे, दोन विवाह नोंदणी दाखले, परगावी शिकायला निघालेल्या मुलांचे जन्मदाखले. संगणक परिचालक मुलगा प्रती काढत होता, भाऊसाहेब न पाहताच सह्या करीत होते आणि शिपाई गोल शिक्का उमटवीत होता. घरपट्टी थकलेल्या एकाचा जन्मदाखला अडवावा, असे शिपायाने सुचवून पाहिले. पण मुलाच्या जन्माचा आणि बापाच्या थकबाकीचा संबंध नाही, असे म्हणून पांडुरंगाने तो कागद सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला.

शेवटी हिराआक्काचा अर्ज उरला. नवरा 1998 साली वारला. आजवर तिचे उसाच्या भांगलणीवर भागले. आता गुडघे वाकत नव्हते आणि संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला नवऱ्याचा मृत्यूदाखला जोडायचा होता. त्या सालचे रजिस्टर 2019 च्या महापुरात भिजलेले होते. पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती, त्यामुळे ते उघडायच्या फंदात कोणी पडत नसे.

“नोंद आढळत नाही, असं लिहून टाक आणि तहसीलला पाठव,” भाऊसाहेब म्हणाले. “आपल्याकडचा अर्ज निकाली निघतो.”

म्हणणे नियमाला धरून होते, हेच त्यातले अवघड. त्या एका ओळीने अहवालात शून्य आले असते. आणि म्हातारीला प्रतिज्ञापत्र करून, उशिराच्या नोंदीचा आदेश मिळेपर्यंत तालुक्याच्या वाऱ्या कराव्या लागल्या असत्या. पांडुरंगाने ओळ लिहायला घेतली, ‘नोंद’ एवढा शब्द लिहिला आणि पेन ठेवले. न शोधता आढळत नाही असे लिहायचे, हे त्याला पटेना.

त्याने रजिस्टर खिडकीजवळ आणले आणि स्टीलची पट्टी आडवी धरून पानांच्या फटीत सरकवली. वरच्या कोपऱ्यापासून हलके हलके, गाळाची पिवळी पूड पुसत, एकेक पान सुटत गेले. निळी शाई बऱ्याच ठिकाणी पसरून पाणी झाली होती. पण त्या वेळच्या ग्रामसेवकाने बॉलपेनने लिहिलेल्या ओळी शाबूत होत्या. तासाभराने सप्टेंबरच्या पानावर नोंद सापडली: ‘बाळकू ज्ञानू’. वय, तारीख, राहण्याचे ठिकाण सगळे जुळत होते. हिराआक्काच्या रेशनकार्डावर मात्र नवऱ्याचे नाव होते ‘बाळासो ज्ञानदेव’.

“आक्का, मालकास्नी बाळकू म्हणत होते काय?”

“आई म्हणायची. मयताच्या दिवशी तिनंच सांगितलं आसंल की इथं येऊन.”

भाऊसाहेब उठून खिडकीशी आले. निबंधक म्हणून अधिकार त्यांचाच होता. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे मूळ नोंदीत खाडाखोड न करता समासात दुरुस्ती करता येते, मात्र त्यासाठी पुरावा हवा आणि माहीतगार माणसांचे जबाब हवेत. म्हणजे काम आज होणारे नव्हते.

“मग शून्य कसं लिहिणार?” त्यांनी विचारले.

“नाही लिहायचं. शिल्लक एक, नोंद आढळली, नावदुरुस्ती चालू, असं कारण घालतो.”

“मीटिंगला मला विचारतील.”

“पान दाखवा त्यांना.”

भाऊसाहेबांनी थोडा वेळ ते पान न्याहाळले, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि अहवालावर सही केली. खूश होते असे नाही.

“सोमवारी मयताला हजर असलेली दोन माणसं घेऊन या, आक्का. रेशनकार्ड आणि मालकांचा शाळेचा दाखला मिळाला तर तोही आणा.”

हिराआक्का बोटे मोजू लागली. “थोरला दीर गेला. शेजारचा आण्णासो गेला. तिरडी बांधणारा गणू हाय, पर त्याला ऐकू येत न्हाई.”

“दिसतं ना? चालतंय. दुसरा कोण?”

“नणंदेचा मालक हाय. इचलकरंजीत ल्योकाजवळ असतोय.”

“त्यांचा नंबर आहे?”

तिने कनवटीची पिशवी सोडली, घडी घालून मऊ झालेली चिठ्ठी काढली, आणि पांडुरंगाने टेबलावरचा फोन जवळ ओढून नंबर लावायला घेतला.