तीनशे लिटर

बाबांच्या बोटीचा हिशेब प्रणाली लिहायची. आठवीत गेल्यापासून ते काम तिचंच, कारण बाबांचं अक्षर बाबांनाच लागत नसे. ८ नोव्हेंबरच्या पानावर तिने लिहिलं होतं: डिझेल ३०० लिटर, बर्फ ४० लाद्या, पाणी ४ पिंपं, तांदूळ १२ किलो, खलाशी ५.

११ तारखेला फयान वादळ आलं. हर्णै बंदरातल्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरल्या होत्या, त्या वारा पडल्यावर एकेक करून परतल्या. आज १४. 'एकविराप्रसाद'चा पत्ता नव्हता, बाबांचा मोबाइल लागत नव्हता.

प्रणाली वही घेऊन पुळणीवर बसली होती. समोर सुवर्णदुर्ग, काहीच झालं नाही असा उभा. लिलावाची जागा रिकामी होती. फक्त एक बैलगाडी, आणि तिच्या चाकाखाली बसलेलं कुत्रं.

सहा माणसांना बारा किलो तांदूळ म्हणजे चार दिवस. अर्धपोटी राहिले तर सात. पाणी जपून वापरलं तर तेवढंच पुरेल. इथवर हिशेब नीट बसत होता. अडत होतं ते डिझेलवर. तीनशे लिटर होतं, म्हणजे वारा पडल्यावर कुठूनही घरी यायला पुरलं असतं.

मग येत का नाहीत?

तिने पुन्हा मांडणी केली. पुन्हा डिझेल उरलंच. पेन्सिलीचं टोक मोडलं.

"मोजू नको गो," आय मागून म्हणाली. सकाळपासून तिने तीनदा भात टाकला होता आणि तिन्ही वेळा शेजाऱ्यांना वाटला होता. "उठ. चाय पी."

"आये, तीनशे लिटर होतं."

आय काहीच बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तिन्हीसांजेला एक बोट किनाऱ्याला लागली. जयगडहून आलेली. नाना तांडेल गुडघाभर पाण्यातून ओरडतच आले, "प्रणाले! तुजा बापूस जयगडच्या खाडीत हाय. सगली मानसं बरी हायत. डिझेल संपलं, म्हनून अडकलाय."

आय वाळूत खाली बसली.

"संपलं कसं?" प्रणालीचा आवाज चढला. "तीनशे होतं!"

"त्याचाच निरोप हाय." नाना हसायला लागले, मग त्यांना खोकला आला. "म्हनला, पोरीला सांग, पैसे कमी पडले म्हनून मी दोनशेच भरलं. घरी बोललो नाय. वही सुधार म्हनावं."

प्रणालीने वही उघडली. मोडक्या पेन्सिलीने ३०० वर आडवी रेघ मारली, इतकी जोरात की कागद फाटला. मग तिला रडू फुटलं.