मॉक टेस्ट ३ : चुकांची वही

एकूण ३० प्रश्न, वेळ १ तास, बरोबरला +४, चुकीला −१.
बरोबर १७, चूक ९, कोरे ४. मार्क ५९/१२०.

तू पाठवलेले सात फोटो पाहिले: प्रश्नपत्रिकेची पाच पानं, ओएमआर आणि आन्सर की. चौथं पान हललेलं होतं, ते तू परत काढून पाठवलंस म्हणून प्र. २४ चं रफ वाचता आलं. पुढच्या वेळी पान सपाट ठेव, उजेड बाजूने येऊ दे आणि कडेचं रफ कापू नकोस. ही वही त्या रफवरूनच बनते. नुसतं उत्तर पाहून चूक कुठल्या जातीची आहे ते कळत नाही.

गेलेले ६१ मार्क असे वाटले गेले:

सिली : प्र. ४, ११, २२ → १५ मार्क
कन्सेप्ट : प्र. ७, ९, १०, १६, २४ → २४ मार्क
वेळ : प्र. २६, २७, २८, २९, ३० → २२ मार्क

(चुकलेल्याचे ५ धरले आहेत, हातचे ४ आणि कापलेला १. कोऱ्याचे ४.)

तुझ्या यादीत सिलीखाली सात प्रश्न होते, माझ्या यादीत तीनच उरले. का, ते खाली येईलच.

सिली

प्र. ४. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी ५ सेकंदांत थांबते, अंतर किती? तू `72 × 5 / 2 = 180` केलंस. आधी 20 m/s करायचं होतं, मग `20 × 5 / 2 = 50` मीटर. पेपर काढणाऱ्याने १८० हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे 'पर्यायात आहे म्हणजे बरोबर' हा दिलासा खोटा. सूत्र बरोबर, सरासरी वेगही बरोबर. शुद्ध सिली.

प्र. ११. Na⁺, F⁻, Mg²⁺, Cl⁻ यांपैकी निऑनएवढे इलेक्ट्रॉन कशात नाहीत? समासात तुझ्याच अक्षरात १०, १०, १०, १८ लिहिलंय. म्हणजे उत्तर समोर होतं, आणि खूण Na⁺ वर. 'नाहीत' वाचलंच नाहीस. या वर्गातली हीच सगळ्यात स्वस्तात सुटणारी चूक: नकारार्थी शब्दाला वाचतानाच गोल करायचा.

प्र. २२. `x² + 2x − 15 = 0`, मोठं मूळ? `(x + 5)(x − 3)` पाडलंस आणि लगेच ५ लिहिलंस. मूळ ३. कंसातलं चिन्ह तसंच उचललं. मूळ समीकरणात ५ घातला असतास तर २० आलं असतं, शून्य नाही.

कन्सेप्ट

प्र. ७. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्वरण? तुझं उत्तर शून्य. शून्य वेग असतो, त्वरण g च, खाली. वेग आणि वेगातला बदल अजून एकमेकांत मिसळतायत.

प्र. ९. ६ V ला समांतर जोडलेले 6 Ω आणि 3 Ω, जास्त पॉवर कुठे? तू `I²R` लावून 'R मोठा, पॉवर मोठी' म्हटलंस. पण समांतर जोडणीत प्रवाह सारखा नसतो, व्होल्टेज सारखं असतं. `V²/R` ने 6 Ω मध्ये ६ W, 3 Ω मध्ये १२ W. सूत्रं दोन्ही खरी आहेत. प्रश्न कुठली राशी स्थिर आहे हा.

प्र. १०. हा कोरा आहे, आणि पूर्ण पेपरातला सगळ्यात महागडा. पुलीवर ३ kg आणि २ kg. समासात तीनदा मांडून तीनदा खोडलंय:

```
T − 20 = 2a
T − 30 = 3a
```

यातून a = −10 आणि T = 0 येतं. दोरीला ताणच नाही, हे पटणार नाही एवढं तुझ्या लक्षात आलं, ते चांगलंच. पण प्रत्येक वेळी तीच दोन समीकरणं परत लिहिलीस. एक वस्तुमान वर जातं तेव्हा दुसरं खाली, म्हणून दुसरं समीकरण `30 − T = 3a`. मग a = 2 m/s², T = 24 N. 'वेळ पुरला नाही' असं तू लिहिलंयस. इथे वेळ भरपूर गेलाय, म्हणून हा प्रश्न वेळेखाली जात नाही.

प्र. १६. 10⁻⁸ M HCl चा pH. तुझ्या यादीत 'घाईत सुटलं'. फोटोत मात्र `−log 10⁻⁸ = 8` स्वच्छ लिहून चौकटीत बसवलंय, खाडाखोड एकही नाही. घाईचं अक्षर असं नसतं. आम्ल कितीही पातळ केलं तरी २५ अंशाला pH ७ च्या वर जाणार नाही. इथे पाण्याचे स्वतःचे H⁺ धरावे लागतात, आणि उत्तर साधारण 6.98. तुला हे माहीत नव्हतं. ते 'सिली' म्हणून मिटवलं तर पुढच्या पेपरला परत ८ च येईल.

प्र. २४. A, B स्वतंत्र, P(A) = 0.5, P(B) = 0.4, तर P(A ∪ B)? तू 0.9 केलंस. ती बेरीज दोन्ही घटना एकदम घडूच शकत नसतील तेव्हाची. स्वतंत्र असताना सामाईक भाग 0.2, तो वजा करून 0.7.

वेळ

पानांच्या कोपऱ्यात तू घड्याळ टिपलंस, त्याचा फार उपयोग झाला. सुरुवात ९:००, फिजिक्स संपलं ९:३१, केमिस्ट्री ९:४८. मॅथ्सच्या दहा प्रश्नांना उरली १२ मिनिटं.

प्र. २६, २८, २९ कोरे. दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता तिन्ही जमले, आणि २८ (पहिल्या २० विषम संख्यांची बेरीज, ४००) तर तोंडी. २९ लांब आहे, तो कोरा राहिला तरी चालतं.

प्र. ३०. रफ काहीच नाही, ओएमआरवर 'ब'. आंधळा ठोका. एकही पर्याय खोडता येत नसेल तर कोरा सोड.

प्र. २७. हा तू सिलीत टाकला होतास. प्रश्नपत्रिकेवर 'ब' ला खूण, तेच बरोबर, ओएमआरवर 'क' भरलंय. वेंधळेपणा वाटतो खरा. पण मॅथ्सचे गोळे बाकीच्यांपेक्षा फिके आणि अर्धवट रंगवलेले दिसतात, आणि ते तू शेवटी एकदम भरलेस हे तूच सांगितलंस. म्हणून वेळ.

२२ लाही हाच नियम लावावा का, यावर थोडा विचार केला. तो मॅथ्सचा दुसराच प्रश्न, अक्षर शांत, म्हणून सिलीतच ठेवला. वाद घालायचा असेल तर घाल.

मॉक ४ च्या आधी

७, ९, १०, १६, २४ वहीत न बघता पुन्हा सोडव. १० साठी दोन्ही वस्तुमानांची चित्रं वेगळी काढ आणि a चा बाण प्रत्येकावर दाखव. २४ च्या जातीचे आणखी चार-पाच प्रश्न घे, कारण स्वतंत्र आणि परस्पर अपवर्जी यांतला गोंधळ एका प्रश्नाने जात नाही.

पेपरात मॅथ्स आधी, फिजिक्स शेवटी. एखादा प्रश्न दुसऱ्यांदा खोडावा लागला की तो तिथेच सोडायचा आणि क्रमांकाला चांदणी करायची. ओएमआर विषय संपला की लगेच. घड्याळ टिपणं चालू ठेव, आणि फोटो त्याच संध्याकाळी पाठव, रफ का खोडलं ते आठवत असेपर्यंत.