उन्हाळ कांद्याचा हिशेब: लासलगावच्या चारही खेपा

दादा, ताई, शेवटच्या खेपेचे पैसे काल खात्यावर जमा झाले. सगळा हिशेब इथेच मांडतो, म्हणजे नाशिकला बसून दादाला आणि सिन्नरला ताईला एकदमच बघता येईल. आकडे डावीकडे आणि नाव शेवटी ठेवलंय. आकड्यांपुढची शून्यं ओळी सरळ राहाव्यात म्हणून आहेत, ती धरू नका.

आधी विक्री. क्रम असा: तारीख, क्विंटल, भाव, रक्कम, माल.

```
०४/०८  २२.४०  १६५०  ०३६९६०  मोठा
०४/०८  ०३.१०  ०७५०  ००२३२५  गोल्टी
१८/०८  २४.६०  १७८०  ०४३७८८  मोठा
०१/०९  २०.८०  १९००  ०३९५२०  मोठा
०१/०९  ०४.२०  ०८००  ००३३६०  गोल्टी
१५/०९  १९.५०  १५२०  ०२९६४०  कोंब, ओल
-----------------------------
.....  ९४.६०  ....  १५५५९३  एकूण
```

शेवटच्या ओळीवर दादा विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. १ तारखेला १९०० मिळाले आणि पंधरा दिवसांत १५२०, यात बाजाराचा दोष थोडा, मालाचा जास्त. चाळीच्या पश्चिमेच्या बाजूने पावसाचं पाणी आत मारत होतं. खालच्या थरातल्या कांद्याला कोंब फुटले होते, पत्ती सुटायला लागली होती. निवडणी करूनच ट्रॉली भरली, पण व्यापाऱ्याने मूठभर कांदे हातात घेतले, एक दाबून बघितला आणि बोली तिथेच थांबली. आणखी थांबलो असतो तर त्यातला निम्मा उकिरड्यावर गेला असता, म्हणून मी दिला. पुढच्या वर्षी त्या बाजूला ताडपत्री नको, पत्राच लावू.

सगळा माल एकदम का काढला नाही, हे ताईने विचारलं होतं. एका दिवसाच्या भावावर वर्षाची मेहनत लावायची नाही, एवढंच कारण. आणि सगळा धरूनही ठेवायचा नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा भाव कसे कोसळले, ते आपण बघितलंय. खेपा करून विकलं की एक खेप फसली तरी बाकीच्या सावरून घेतात.

आता खर्च:

```
००७५००  उळे
०१३०००  लागण मजुरी
०११८००  खत
००८४००  औषध, फवारणी
००३६००  निंदणी
०१२५००  काढणी, काटणी, चाळ भरणी
००४२००  निवडणी
००६०००  ट्रॅक्टर, चार खेपा
००२१००  हमाली, भराई
------
०६९१००  एकूण
```

माझी आणि हिची मजुरी यात धरलेली नाही, धरायचीही नाही. घराजवळचं काम आहे, आम्ही करणारच. ट्रॅक्टर शेजारच्या अण्णांचा होता. खेपेला १५०० त्यांनीच सांगितले, आणि शेवटच्या दिवशी लिलावाला नंबर उशिरा लागला तरी वर एक रुपया मागितला नाही.

१५५५९३ वजा ६९१०० म्हणजे ८६४९३ उरले. त्याचे तीन वाटे, प्रत्येकी २८८३१.

खर्चाला दादाने ३०००० पाठवले होते, बाकीचे ३९१०० मी घातले. ते ज्याचे त्याला परत जाऊन हातात येणार ते असं. क्रम: वाटा, घातलेले, मिळणार.

```
२८८३१  ३००००  ०५८८३१  दादा
२८८३१  ०००००  ०२८८३१  ताई
२८८३१  ३९१००  ०६७९३१  मी
--------------------
८६४९३  ६९१००  १५५५९३  एकूण
```

ताई, तू फोनवर म्हणालीस की मला नको, तुम्हीच दोघं घ्या. ते मला मान्य नाही. सातबाऱ्यावर आपल्या तिघांची नावं आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला, आणि कायदा नसता तरी आईने हेच केलं असतं. लागणीच्या आठवड्यात तू येऊन दहा-बारा बायकांचा स्वयंपाक एकटीने ओढलास, तो कुठल्या ओळीत लिहू? पैसे तुझ्याच खात्यावर टाकणार आहे. भाऊजींनाही सांग, यात परत करायचं काही नाही.

घरच्यासाठी चांगला, कोरडा कांदा आधीच बाजूला काढलाय. तो वरच्या वजनात नाही:

```
२  गोणी  दादा, सिडको
२  गोणी  ताई, सिन्नर
१  गोणी  आत्या, पंचवटी
२  गोणी  घरी
```

दादाच्या आणि आत्याच्या गोण्या गुरुवारी भाजीच्या गाडीतून नाशिकला येतील. गाडीवाला सकाळी सहालाच द्वारकेला पोचतो, तेव्हा दादा, कुणीतरी तिथे हजर राहा. आत्यांना उचलणं जमायचं नाही, त्यांची गोणी तूच वर पोचव. ताईच्या गोण्या मी रविवारी घेऊन येतो. गोणी आल्या आल्या उघडून पसरा, बंद ठेवली की आत घाम धरते.

चारही खेपांच्या हिशोबपट्ट्यांचे फोटो याच्या खाली टाकतोय. वजन आणि भाव त्यावरून ताडून बघा. कुठे फरक दिसला तर शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी बँकेत जाऊन दोघांचे पैसे पाठवतो.