बँक खातं बदलतंय, पैसे पाठवण्याआधी आम्हाला एक फोन करा

पुणे, १५ सप्टेंबर २०२५

सर्व मिठाईवाले, बेकरीवाले आणि केटरर ग्राहकांना सप्रेम नमस्कार.

आपला खोक्यांचा कारखाना नाना पेठेतून धायरीला आला, हे आपल्याला ठाऊक आहेच. बँकही जवळची असावी म्हणून १ ऑक्टोबरपासून आमचं चालू खातं बँक ऑफ महाराष्ट्रच्या इथल्या शाखेत असेल. खात्याचं नाव बिलावर छापलंय तेच. शेवटचे चार आकडे ४७१६. आयएफएससी कोडची सुरुवात MAHB0 अशी.

पूर्ण नंबर या पत्रात मुद्दाम दिलेला नाही. पुढचा माल पोचवायला दत्ता येईल तेव्हा सही-शिक्क्याचा छापील कागद तुमच्या हातात देईल. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर आम्ही तो कधीच पाठवणार नाही. तसा आला, तर तो आमचा नाही असं खुशाल समजा.

इतकी काळजी घेण्याचं कारण सांगते. गेल्या दिवाळीत आपल्यातल्याच एका बेकरीला आमच्या नावाने मेल आला. लोगो आमचा, बिलाचा नंबर खरा, रक्कमही बरोबर. फक्त मेलच्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘ऑडिट चालू आहे, आजच नव्या खात्यात भरा.’ दुकानात गर्दी, काउंटरवर एकटा मुलगा. त्याने ४८,००० रुपये पाठवून दिले. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, तो आवाज मी विसरलेले नाही.

म्हणून कळकळीची विनंती: कागद मिळाला तरी आधी फोन करा, तोही तुमच्या मोबाइलमध्ये सेव्ह असलेल्या किंवा जुन्या बिलावरच्या नंबरवर. या पत्रात फोन नंबर टाकलेला नाही, तो याचसाठी. मी स्वतः आकडे वाचून दाखवीन. मग एक रुपया पाठवा. पाठवताना बँक खातेदाराचं नाव दाखवते, ते बिलाशी ताडून बघा. रुपया पोचला असं मी सांगितलं की मगच बाकीची रक्कम. आणि पैसे परत मिळतील म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं, तर टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जुनं खातं ३१ मार्च २०२६ पर्यंत चालू आहे. सवयीने तिथे भरलेत तरी पैसे तुमच्या नावे जमा होतील, उशिराचा एक रुपयाही लागणार नाही. ‘आजच भरा, नाहीतर माल थांबेल’ असं आमच्याकडून कुणी म्हणणार नाही.

चुकून पैसे गेलेच, तर संकोच न करता लगेच १९३० ला फोन लावा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, तुमच्या बँकेला कळवा आणि मलाही सांगा. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

दिवाळीच्या खोक्यांची छपाई सुरू झाली आहे. खात्याच्या या बदलामुळे कुणाचीही ऑर्डर अडणार नाही.

आपली,
कविताताई
हिशेब व वसुली, धायरी कारखाना