सांख्यिकीची सराव कार्यपत्रिका: उत्तरसूची ताडून पाहिल्यावर

सर,

(स्टाफरूममध्ये सर म्हणेन. कागदावर जुनी सवय सुटत नाही, म्हणून इथे अरे-तुरेच करते.)

दहावी ब साठी केलेली वारंवारता सारणीची कार्यपत्रिका काल रात्री हातात घेतली. आधी तुझी उत्तरसूची झाकून ठेवली, चारही प्रश्न वहीत सोडवले आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. झेरॉक्सला अजून देऊ नकोस. प्रश्न छान निवडलेत, आकडे पोरांना झेपतील असे आहेत. पण पहिल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत चुका आहेत, आणि चौथ्याची उत्तरं बरोबर असून प्रश्नच चुकीचा टाइप झालाय.

प्रश्न 1. जुलै महिन्यातले गैरहजर दिवस, 40 विद्यार्थी

तुझ्या सूचीतली सारणी जशीच्या तशी उतरवते, शेवटचा रकाना माझा:

| दिवस (x) | विद्यार्थी (f) | fx | संचित वारंवारता (तुझी) | संचित वारंवारता (हवी) |
|---|---|---|---|---|
| 0 | 6 | 0 | 6 | 6 |
| 1 | 9 | 9 | 15 | 15 |
| 2 | 11 | 22 | 25 | 26 |
| 3 | 8 | 24 | 33 | 34 |
| 4 | 4 | 16 | 37 | 38 |
| 5 | 2 | 10 | 39 | 40 |

तिसऱ्या ओळीत 15 आणि 11 यांची बेरीज 25 झाली आणि तो एक कमी शेवटपर्यंत घरंगळत गेला. खालच्या प्रत्येक ओळीतली तुझी बेरीज अगदी बरोबर आहे, म्हणून तर चूक डोळ्यांना दिसत नाही. शेवटचा आकडा 39 आणि विद्यार्थी 40, एवढं पाहिलं असतंस तरी लागलीच कळलं असतं.

गंमत म्हणजे मध्यक तरीही बरोबर आलाय. 20 वा आणि 21 वा विद्यार्थी तुझ्या सारणीतही 2 दिवसांच्याच ओळीत पडतात. उत्तर जुळलं म्हणून आपण रकान्याकडे बघत नाही, आणि फळ्यावर हाच रकाना लिहिला की पहिल्या बाकावरची कुणीतरी हात वर करणार.

मध्य मात्र चुकलाय. fx ची बेरीज 81 बरोबर आहे, पण तू 81 ला 34 ने भागून 2.38 काढलंस. 34 कुठून आले ते शोधायला मला पाच मिनिटं लागली. शून्य दिवसांच्या ओळीत fx शून्य येतं, म्हणून ती ओळच तू सोडून दिलीस, आणि तिच्यासोबत ती 6 पोरंही गेली. एकही दिवस न चुकवणाऱ्यांनाच आपण हजेरीतून काढलं! त्यांच्यामुळे बेरीज वाढत नाही, पण भाजक वाढतो. 81 ÷ 40 = 2.025 असं हवं.

म्हणजे एकाच प्रश्नात N तीन झाले: मध्याला 34, संचित वारंवारतेच्या तळाशी 39, आणि मध्यक काढताना 40. सारणीखाली ‘N = 40’ ठळक लिही आणि तिन्ही उत्तरांत तोच वापर.

बहुलक तू 11 लिहिलास. 11 ही सगळ्यांत मोठी वारंवारता झाली, बहुलक 2 दिवस. ही चूक पोरं दरवर्षी करतात, मी पेपर तपासताना दर गठ्ठ्यात पाहते, आणि आता उत्तरसूचीतही पाहिली. उत्तरापुढे एकक लिहायची सवय लावली की आपोआप थांबते. ‘बहुलक 11 दिवस’ असं लिहिलं की सारणीत 11 दिवस कुठेच नाहीत हे लिहिणाऱ्यालाच खुपतं.

प्रश्न 2. दूध संकलन केंद्र, 50 शेतकरी

वर्ग 0–5, 5–10, 10–15, 15–20, 20–25 लिटर. वारंवारता 7, 13, 20, 6, 4. संचित वारंवारता 7, 20, 40, 46, 50. इथे रकाना निर्दोष आहे, तळाला 50 आहेत, मध्यकवर्ग 10–15 सुद्धा बरोबर धरलास. मग सूत्रात cf च्या जागी 40 टाकलेस. ही मध्यकवर्गाची स्वतःची संचित वारंवारता झाली. सूत्राला आधीच्या वर्गाची लागते.

तुझं: 10 + ((25 − 40)/20) × 5 = 6.25
हवं: 10 + ((25 − 20)/20) × 5 = 11.25

मध्यक 10–15 मध्ये आहे असं आपणच वर लिहायचं आणि दोन ओळी खाली 6.25 ला चौकट करायची, हे कसं चालेल? कंसात ऋण संख्या आली तिथेच पेन थांबायला हवं होतं. cf योग्य असेल तर N/2 मधून तो वजा करताना ऋण उत्तर येऊच शकत नाही.

मध्यासाठी मध्यप्रमाण विचलन पद्धत घेतलीस ते चांगलं केलंस. A = 12.5, g = 5, fu ची बेरीज −13, इथवर सगळं बरोबर. पण शेवटच्या पायरीत −13/50 = −0.26 थेट A मध्ये मिळवलंस आणि उत्तर 12.24 आलं. g ने भागून u काढला होता, तो g परत गुणायचा राहिला. 12.5 + 5 × (−0.26) = 11.2 लिटर. सरळ पद्धतीनेही पाहिलं: fx ची बेरीज 560, भागिले 50, तेच 11.2.

आता बहुलक. याच्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण ही चूक साळसूद आहे. तुझं उत्तर 13.33 बहुलकीय वर्गाच्या आतच बसतं. ‘उत्तर वर्गात आहे का’ ही चाचणी ते पास होतं, ऋण संख्या येत नाही, छेदही बरोबर 21 येतो. चूक एवढीच की f0 आणि f2 ची अदलाबदल झाली. अंशात 20 − 6 गेलं, 20 − 13 जायला हवं होतं. छेदात दोन्ही वजाच होतात, म्हणून तिथे अदलाबदल कळत नाही.

10 + (7/21) × 5 = 11.67 लिटर

ही पकडायची कशी? शेजारी बघायचे. आधीच्या वर्गात 13 शेतकरी, नंतरच्यात फक्त 6. जिकडे गर्दी जास्त, बहुलक तिकडे झुकतो. म्हणजे उत्तर वर्गाच्या मध्याच्या, 12.5 च्या, खालीच यायला हवं. 13.33 वर गेलं म्हणजे कुठेतरी शेजाऱ्यांची गल्लत झाली. हे पोरांनाही सांग. सूत्र पाठ करणाऱ्या पोरांना तपासायला हाताशी काहीतरी मिळेल.

प्रश्न 3. वाचनालयातल्या वाचकांचं वय, 60 वाचक

वर्ग 10–19, 20–29, 30–39, 40–49, 50–59; वारंवारता 8, 14, 22, 10, 6. वर्ग सलग नाहीत, आणि तू ते सलग न करताच L = 30, h = 9 घेतलंस. मध्यक 33.27 आला. वर्ग 29.5–39.5 करून h = 10 घेतला तर 29.5 + (8/22) × 10 = 33.14. फरक इतका बारीक की दोन्ही उत्तरं शेजारी ठेवल्याशिवाय कुणाला शंका येणार नाही. पण बोर्डाचे गुण पायरीला असतात, आणि L व h दोन्ही चुकले की गुण जातात.

इथे माझी आणखी एक कुरकुर आहे, आणि ती तुझ्यापेक्षा उदाहरणावर आहे. वय आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. 19 वर्षं 11 महिन्यांचा मुलगा स्वतःला 19 चाच म्हणतो. म्हणजे 10–19 या वर्गाची खरी मर्यादा 10 ते 20 होते, 9.5 ते 19.5 नाही. सलग करण्याची रीत शिकवायला वय हे उदाहरणच अडचणीचं. एखादं चौकस पोर विचारेल आणि तू तिथे अडकशील. मी अडकले होते, माझ्या दुसऱ्या वर्षी. त्याऐवजी ‘भाजीच्या 60 पोत्यांचं वजन, जवळच्या पूर्ण किलोग्रॅममध्ये’ असं कर. आकडे तेच राहतील, 9.5 ला अर्थही येईल आणि मध्यक 33.14 किलो.

प्रश्न 4. शंभर गुणांची चाचणी, 50 विद्यार्थी

‘पेक्षा कमी’ प्रकारची सारणी देऊन वारंवारता काढायला लावलीस, हे मला फार आवडलं. पण छापलंय असं: 20 पेक्षा कमी 4, 40 पेक्षा कमी 16, 60 पेक्षा कमी 38, 80 पेक्षा कमी 35, 100 पेक्षा कमी 50. साठपेक्षा कमी गुणांचे 38 आणि ऐंशीपेक्षा कमी गुणांचे 35? ही वारंवारता खाली उतरूच शकत नाही. वजाबाकी करणाऱ्या पोराला 60–80 वर्गात −3 विद्यार्थी मिळतील. तुझ्या सूचीत वारंवारता 4, 12, 22, 7, 5 आहे, म्हणजे तुला 45 म्हणायचं होतं. 35 चे 45 कर. मध्य 48.8, मध्यक 48.18, बहुलक 48, तिन्ही माझ्याशी जुळले.

गुणदानाबद्दल एक. सूचीत तू ‘संचित वारंवारता चुकल्यास 0’ असं लिहिलंयस. ते काढ. पहिल्या प्रश्नात जे तुझं झालं तेच पोराचं झालं, एका ओळीत बेरीज चुकली आणि पुढे सगळं त्या आकड्याला धरून बरोबर केलं, तर अर्धा गुण एकदाच काप. खालच्या प्रत्येक ओळीसाठी वेगळा कापू नकोस. पण मध्यकवर्गाच्या बाहेरचं उत्तर निमूटपणे लिहून आलेल्याचा शेवटच्या पायरीचा गुण मी तरी देणार नाही.

माझ्या वहीची पानं सोबत टाचली आहेत, पेन्सिलीतल्या खुणा माझ्या. दुरुस्त केलेली प्रत शुक्रवारी मधल्या सुट्टीत दे, शनिवारी सकाळच्या शाळेत शिपाई झेरॉक्सला जाईलच. दुसऱ्या प्रश्नातला बहुलक मात्र मी दिलेलं उत्तर न बघता एकदा परत काढ.